‘संज्ञा एकसारख्या ठेवाव्यात’ या शेऱ्याने काय बिघडते: लेथच्या मॅन्युअलवरील अभिप्रायाविषयी

प्रश्न: “मी म्हापशाला एका छोट्या अनुवाद संस्थेत तपासनीस म्हणून नुकताच रुजू झालो आहे. एका नव्या अनुवादिकेने लेथच्या मॅन्युअलचा इंग्रजीतून मराठी अनुवाद केला आहे. एकाच भागाला तिने तीन-तीन नावे दिली आहेत. ‘संज्ञा एकसारख्या ठेवाव्यात’ असा शेरा मारून मी प्रत परत पाठवली, तर दुसरी प्रत पहिलीपेक्षाही गोंधळाची आली. आता तिला नीट अभिप्राय लिहून द्यायचा आहे. तो कसा लिहावा?”

दुसरी प्रत बिघडण्याचे कारण बहुधा आपल्या शेऱ्यातच आहे. संज्ञांचा गोंधळ दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात एकाच भागाची अनेक नावे होतात, आणि तो वाचणाऱ्याच्या लगेच डोळ्यांत भरतो. दुसऱ्या प्रकारात दोन वेगळ्या भागांना एकच मराठी नाव मिळते, आणि तो मराठी मजकूर वाचून कधीच लक्षात येत नाही, कारण वरवर पाहता तिथे सगळे एकसारखेच दिसते. लेथच्या मॅन्युअलमध्ये माणसाच्या हाताला आणि यंत्राला अपाय होण्याची शक्यता या दुसऱ्या प्रकारात अधिक असते. ‘एकसारख्या ठेवाव्यात’ एवढेच सांगितले, की अनुवादक मिळतीजुळती नावे एकत्र करतो. पहिला प्रकार कमी होतो आणि दुसरा वाढतो.

हे मी अनुभवाने शिकलो. फोंड्याकडे एका कारखान्यात काही वर्षे टर्नर म्हणून काम केल्यावर मी अनुवादाकडे वळलो. माझ्या पहिल्याच मॅन्युअलवर पानोपानी लाल वर्तुळे आणि शेवटी ‘संज्ञांत सुसंगती आणा’ असे एक वाक्य, एवढाच अभिप्राय मला मिळाला होता. मी ‘दांडा’ हा शब्द शोधून सगळीकडे एका झटक्यात ‘लीड स्क्रू’ केला. त्यामुळे जिथे फीड रॉडविषयी लिहिले होते तिथेही लीड स्क्रू आला, आणि ज्या लीव्हरला मी दोन ठिकाणी ‘दांडा’ म्हटले होते त्या लीव्हरचाही लीड स्क्रू झाला. लेथवर काम केलेला माणूस असूनही ती चूक माझ्या हातून झाली, कारण त्या अभिप्रायात एकाही भागाचे नाव नव्हते. तेव्हापासून माझ्या अभिप्रायाची मांडणी मराठी शब्दांवरून होत नाही, यंत्राच्या भागांवरून होते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. आपल्याकडे मूळ इंग्रजी मॅन्युअल आकृत्यांसह असलेच पाहिजे. अनुवाद सेवांचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १७१०० : २०१५, मूळ मजकुराशी ताडून केलेली तपासणी आणि फक्त अनुवादित मजकूर वाचून केलेली तपासणी या दोन वेगळ्या पायऱ्या मानते. संज्ञांविषयीचा अभिप्राय पहिल्या प्रकारच्या तपासणीवरूनच लिहिता येतो. ग्राहकाने स्वतःची संज्ञासूची दिली असेल, तर ती आपल्याला पटो वा न पटो, तीच चालते. आणि यंत्र कोणत्या प्रकारचे आहे हेही पाहावे लागते, कारण पुढे जे उदाहरण देतो ते यंत्रागणिक बदलते.

सेंटर लेथच्या बेडच्या पुढच्या बाजूने, बेडला समांतर, लांबच लांब दांडे गेलेले असतात. त्यांपैकी लीड स्क्रूवर पूर्ण लांबीभर आटे असतात. हाफ नट मिटला की तो या आट्यांना पकडतो आणि स्पिंडलच्या प्रत्येक फेऱ्यामागे कॅरेज ठरलेल्या पिचएवढी सरकते. हे आटे पाडण्यासाठी असते. फीड रॉड गुळगुळीत असतो, त्याला लांबवर एक खाच असते, आणि त्याची गती एप्रनमधल्या गिअरांतून कॅरेजकडे जाते. साध्या टर्निंगसाठी तो वापरतात. पुष्कळ लेथना स्पिंडल चालू, बंद आणि उलट करण्यासाठी तिसराही एक दांडा असतो. उलट, काही छोट्या बेंच लेथवर फीड रॉड वेगळा नसतोच. एकच लीड स्क्रू दोन्ही कामे करतो. म्हणून अभिप्राय लिहिण्यापूर्वी आकृतीत दांडे मोजावेत. नव्या अनुवादकाने या तिघांना ‘चालक दांडा’ म्हणणे अगदी स्वाभाविक आहे, कारण इंग्रजी वाक्यात तिन्ही फिरतात आणि तिन्ही काहीतरी चालवतात.

आता या एका शब्दाने काय होते ते आकड्यांत पाहू. समजा, मूळ मॅन्युअल म्हणते की टर्निंगसाठी फीड रॉडवरून फीड द्यावे, आणि अनुवादात ‘चालक दांडा जोडून फीड द्यावे’ असे आले. ऑपरेटरने तो दांडा लीड स्क्रू समजून हाफ नट मिटवला. गिअरबॉक्स २ मिलिमीटर पिचवर आहे आणि स्पिंडल मिनिटाला २०० फेरे घेतो आहे. टूल मिनिटाला ४०० मिलिमीटर वेगाने चककडे निघेल. फीड रॉडवरून फेऱ्यामागे ०.२ मिलिमीटर फीड मिळाले असते, तर हाच वेग मिनिटाला ४० मिलिमीटर असता. टूल आणि चक यांच्यात ६० मिलिमीटर अंतर असेल, तर ऑपरेटरला दीड मिनिट मिळायला हवे होते, तिथे नऊ सेकंद मिळतात. फेऱ्यामागे २ मिलिमीटरच्या कटाने टूल मोडू शकते किंवा जॉब चकमधून उखडू शकतो. लीड स्क्रू आणि फीड रॉड एकाच वेळी जोडले जाऊ नयेत म्हणून पुष्कळ लेथवर इंटरलॉक असतो, पण चुकीचा एकच जोडला तर तो काही अडवत नाही.

दुसरे नुकसान सावकाश होते आणि म्हणून कोणी अनुवादाला दोष देत नाही. गिअरबॉक्सवर बारीक पिच लावून रोजचे टर्निंगही कोणी लीड स्क्रूवरच करू लागला, तर त्याचे आटे आणि हाफ नट झिजतात. झीज सगळीकडे सारखी होत नाही. हेडस्टॉककडच्या, जास्त वापराच्या टप्प्यात ती अधिक होते. पुढे लांब आटे पाडताना पिच चुकू लागतो. मांडवी आणि जुवारीच्या काठांवरच्या बार्ज दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये जुने मोठे लेथ आहेत, आणि तिथल्या माणसाला नवा लीड स्क्रू मागवणे म्हणजे यंत्र किती दिवस बंद ठेवावे लागते हे विचारून पाहावे.

अशा जागा शोधायच्या असतील, तर मराठी फाइलमध्ये सुरुवात करू नये. इंग्रजी फाइलमध्ये भागाचे नाव शोधावे, प्रत्येक पान नोंदवावे आणि त्या जागी मराठीत काय आले आहे ते समोर लिहावे. मी साधारण दहा-बारा भागांसाठी असा तक्ता करतो. शंभरेक पानांच्या मॅन्युअलला एक सकाळ लागते. मग तो तक्ता उलटा वाचतो, म्हणजे मराठी नाव डावीकडे घेतो. एका मराठी नावासमोर दोन इंग्रजी नावे दिसली, की तिथे थांबतो. ती दोन नावे एकाच भागाची आहेत की दोन भागांची, हे आकृतीवरून ठरवतो.

मराठीत शोधायची वेळ येते तेव्हा दोन अडचणी हमखास येतात. एक म्हणजे सामान्यरूप: ‘दांडा’ शोधले तर ‘दांड्याला’ आणि ‘दांड्यावरील’ सापडत नाहीत, म्हणून ‘दांड’ एवढाच भाग शोधावा. दुसरी अडचण टंकलेखनाची आहे. ‘टेलस्टॉक’ मधला ‘स्टॉ’ हा U+0949 या एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच U+093E आणि U+0945 अशी दोन चिन्हे जोडूनही काही जण लिहितात. पडद्यावर दोन्ही बहुधा सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत आणि एक शोधला तर दुसरा निसटतो. शोधात आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला, तर आधी हे तपासावे.

आणखी एक गोष्ट नव्या तपासनीसाच्या ध्यानात येत नाही. मूळ इंग्रजी मॅन्युअल स्वतः एकसारखे असेलच असे नाही. वर्णनाचे प्रकरण एकाने लिहिलेले असते, सुट्या भागांची यादी दुसऱ्या विभागाकडून आलेली असते. क्रॉस स्लाइडवर बसणाऱ्या, कोनात फिरवता येणाऱ्या स्लाइडला एका ठिकाणी कंपाउंड रेस्ट आणि दुसऱ्या ठिकाणी टॉप स्लाइड म्हटलेले मी अनेकदा पाहिले आहे. अनुवादिकेने तिथे दोन मराठी नावे केली असतील, तर ती तिची चूक नाही. ती मुळाशी प्रामाणिक राहिली आहे. ‘विसंगती’ म्हणून तिथे लाल खूण केली, तर ती मुळावरचा विश्वास सोडेल आणि पुढच्या वेळी सॅडल आणि कॅरेज हेही एकच समजून जोडून टाकेल. ते मात्र एक नव्हेत: सॅडल हा कॅरेजचा बेडवर बसणारा भाग आहे, आणि कॅरेजमध्ये सॅडल, एप्रन, क्रॉस स्लाइड, कंपाउंड आणि टूल पोस्ट हे सगळे येते.

हे सर्व धरून मी अभिप्राय साधारण असा लिहितो. पानांचे क्रमांक नमुन्याचे आहेत. आपण आपले घालावेत.

> मॅन्युअलची दुसरी प्रत मूळ मजकुराशी आणि आकृती ३ शी ताडून वाचली. पहिल्या शेऱ्यात मी नेमके भाग सांगितले नव्हते. ते आता सांगतो. दुरुस्ती करताना कोणताही शब्द सगळीकडे एकदम बदलू नये. प्रत्येक जागा इंग्रजी वाक्य पाहूनच बदलावी.
>
> पहिली आणि सर्वांत महत्त्वाची बाब. पान १८, ४१, ४४ आणि ७० वर ‘चालक दांडा’ आहे. पान १८ आणि ४४ वर मुळात लीड स्क्रू आहे, पान ४१ वर फीड रॉड आहे, आणि पान ७० वर स्पिंडल चालू-बंद करणारा कंट्रोल रॉड आहे. आकृती ३ मध्ये हे तीन वेगळे दांडे ८, ९ आणि १० या क्रमांकांनी दाखवले आहेत. पान ४१ वरील सूचना सध्याच्या शब्दांत वाचली, तर ऑपरेटर टर्निंगसाठी हाफ नट मिटवू शकतो. त्यात टूल मोडण्याचा आणि जॉब उखडण्याचा धोका आहे. या तिघांसाठी ‘लीड स्क्रू’, ‘फीड रॉड’ आणि ‘कंट्रोल रॉड’ अशी तीनच नावे ठेवावीत. ‘चालक दांडा’ हा शब्द मॅन्युअलमध्ये कुठेही राहू नये.
>
> दुसरी बाब. टेलस्टॉकला पान १२ वर ‘टेलस्टॉक’, पान ३७ वर ‘मागील आधार’ आणि सुट्या भागांच्या यादीत ‘शेवटचा आधार’ म्हटले आहे. पान ५२ वर स्टेडी रेस्टलाही ‘आधार’ म्हटले असल्यामुळे लांब शाफ्टसंबंधीच्या परिच्छेदात कोणता आधार सैल करायचा हे कळत नाही. ‘टेलस्टॉक’ आणि ‘स्टेडी रेस्ट’ ही नावे वापरावीत. ‘आधार देणे’ हे क्रियापद म्हणून चालेल, पण भागाचे नाव म्हणून नको.
>
> तिसरी बाब चूक नाही, प्रश्न आहे. मुळात एकाच भागाला पान २० वर कंपाउंड रेस्ट आणि सुट्या भागांच्या यादीत टॉप स्लाइड म्हटले आहे. तुम्ही दोन नावे ठेवलीत, ते मुळाला धरूनच आहे. हे मी ग्राहकाला विचारले आहे. उत्तर येईपर्यंत दोन्ही जागी खूण करून ठेवावी.
>
> पान ३९ वर ‘सॅडलचा बोल्ट घट्ट करावा’ असे आहे. मुळात कॅरेज म्हटले आहे. तुम्ही आकृती पाहून मुद्दाम तसे केले असेल तर कारण कळवावे.
>
> याच पद्धतीने चक, फेस प्लेट आणि सेंटर यांच्या जागा तुम्ही स्वतः तपासाव्यात आणि इंग्रजी नाव, मराठी नाव, लिंग, सामान्यरूप आणि पान अशा रकान्यांची सूची प्रतीसोबत पाठवावी.

या अभिप्रायात मी काय केले त्यातील दोन-तीन गोष्टी स्पष्ट करतो. प्रत्येक ठिकाणी पान आणि मुळातले नाव दिले आहे, पहिल्या बाबीत आकृतीतले क्रमांकही दिले आहेत, त्यामुळे वाद शब्दाच्या आवडीनिवडीवर जात नाही. ज्या बाबीत धोका आहे तिथे काय लिहायचे ते मी थेट सांगितले. शिकण्यासाठी म्हणून ती तिच्यावर सोडली नाही. कमी धोक्याचे भाग मात्र तिने स्वतः शोधावेत, नाहीतर पुढचे मॅन्युअलही आपल्यालाच दुसऱ्यांदा अनुवादित करावे लागते. त्यातला सेंटर हा शब्द तिला विचार करायला लावेल: काही मॅन्युअलमध्ये लाइव्ह सेंटर म्हणजे हेडस्टॉकच्या स्पिंडलमध्ये बसून जॉबबरोबर फिरणारा सेंटर, तर काहींत त्याच नावाने टेलस्टॉकमधला बेअरिंगवर फिरणारा सेंटर अभिप्रेत असतो. हे शब्दकोशातून सुटत नाही, वाक्य आणि आकृती पाहूनच सुटते.

लिंग आणि सामान्यरूप यांचा रकाना अनेकांना जादा वाटतो. मराठीत तो लागतोच. ‘कॅरेज सरकवली’ आणि ‘कॅरेज सरकवले’ ही दोन्ही रूपे एकाच प्रकरणात आली, तर वाचणारा अडखळतो. आणि ‘दांडा’ जाऊन त्याजागी दुसरे नाव आले, की त्याला जोडलेले ‘त्याचा’, ‘फिरतो’, ‘झिजलेला’ हे शब्दही बघावे लागतात. एकदा ठरवून सूचीत लिहिले की प्रश्न मिटतो.

‘लीड स्क्रू’ ऐवजी मराठी घडणीचा शब्द का नको, असे ती विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश मी नेहमी जवळ ठेवतो आणि अभ्यासक्रमाच्या पुस्तकासाठी त्यांतले शब्द आग्रहाने वापरतो. मॅन्युअलचा वाचक मात्र यंत्रासमोर उभा असतो. लेथवरच्या पट्टीवर, सुट्या भागांच्या यादीत आणि कोल्हापूरला किंवा बेळगावला फोन करून भाग मागवताना जे नाव चालते, तेच त्याला मजकुरात दिसले पाहिजे. शिवाय आपल्याकडे पुष्कळ ऑपरेटर बोलतात कोकणी आणि वाचतात मराठी. चक, टेलस्टॉक, लीड स्क्रू ही नावे दोन्हीकडे तीच आहेत. म्हणून भागांची नावे रुळलेली ठेवावीत आणि क्रिया मराठीत सांगाव्यात: आटे पाडणे, सैल करणे, सरकवणे, वंगण देणे. पण हा निवडीचा विषय आहे. त्याची चर्चा याच अभिप्रायात मिसळली, तर पहिल्या बाबीचे गांभीर्य तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ती तोंडी किंवा वेगळ्या पत्रात करावी.

सॅडलच्या बोल्टविषयी तिचे उत्तर काय येते ते मोकळ्या मनाने वाचावे. कॅरेज बेडवर जखडणारा बोल्ट प्रत्यक्षात सॅडलवरच असतो, म्हणजे वस्तू म्हणून ती बरोबर असू शकते. तसे असेल तर तिला तसे लिहून कळवावे. तरीही मूळ मॅन्युअल इतरत्र ‘कॅरेज लॉक’ म्हणत असेल, तर पान ३९ वरही तेच नाव ठेवणे योग्य, कारण ऑपरेटर सुट्या भागांच्या यादीत तेच नाव शोधणार आहे.

तिसरी प्रत आल्यावर सगळी पाने पुन्हा वाचण्याआधी मी एक गोष्ट करतो. आकृती ३ ची मोठी प्रत काढतो, शक्य असेल तर प्रत्यक्ष लेथजवळ जातो, आणि लेथवर काम करणाऱ्या एखाद्या माणसाला यंत्र बंद असताना फीड आणि आटे पाडणे ही दोन प्रकरणे मोठ्याने वाचायला सांगतो. भागाचे नाव आले की त्याने त्या भागावर बोट ठेवायचे. अनुवादिकेलाही तिथे बोलवावे. ज्या वाक्याला त्याचे बोट दोन भागांमध्ये घुटमळते, ते वाक्य तिनेच तिथल्या तिथे सुधारावे आणि सूचीत त्या भागासमोर पान लिहून ठेवावे.